दोह्यात साडेदहा तास: आईबाबांसाठी लाउंजचा पास घ्यावा का?

मृण्मयी_औंध

नमस्कार मंडळी. आईबाबा पुढच्या महिन्यात भावाकडे शिकागोला चाललेत. मुंबई–दोहा–शिकागो असं एकच तिकीट आहे, सामान थेट शिकागोला मिळेल. दोह्याला रात्री साडेनऊला उतरायचं आणि पुढचं विमान सकाळी आठला. मध्ये साडेदहा तास!

बाबा ७२ वर्षांचे, आई ६८. आईला गुडघ्यांमुळे लांब चालवत नाही, म्हणून दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. बाबांना मधुमेह आहे. दोघंही शाकाहारी.

भावाचं म्हणणं, सरळ लाउंजचे पास काढून टाक. चौकशी केली तर माणशी तीन-साडेतीन हजारांच्या घरात जातंय. बाबा म्हणतात, नुसतं खुर्चीत बसायला सात हजार कोण देतं? मला पैशांपेक्षा त्यांची रात्र नीट जावी याची काळजी आहे. पण पास घेऊनही हाल होणार असतील तर काय उपयोग? ज्यांनी दोह्यात रात्र काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सोलापूरकर_६२

ताई, पैसे देऊन पास काढायची काही गरज नाही. आजकाल डेबिट कार्डावर लाउंज मिळतो. मी आणि सौ. मागच्या दिवाळीत पुण्याहून दिल्लीला गेलो, रुपे कार्ड दाखवलं, २ रुपये कापले आणि पोटभर नाश्ता झाला. बाबांचं पेन्शनचं खातं ज्या बँकेत आहे तिथे विचारा. कार्ड असणारच.

रानवाटा

सोलापूरकर काका, ते आपल्याकडच्या विमानतळांवर. तिथेही आता बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला असावा लागतो. दोह्यात देशांतर्गत लाउंजची ती सोय चालत नाही. काही वरच्या दर्जाच्या कार्डांवर परदेशातल्या लाउंजची सोय असते, पण ती वेगळी आणि मोजकी. पेन्शन खात्याच्या साध्या कार्डावर अवलंबून राहू नका.

मृण्मयी, माझं कामानिमित्त दोह्यावरून सतत जाणं-येणं असतं. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट सुटली आहे. लाउंजचा पास रात्रभराचा नसतो. प्रायॉरिटी पास म्हणून देशोदेशीच्या लाउंजमध्ये प्रवेश देणारं सदस्यत्व असतं, त्याच्या अॅपमध्ये प्रत्येक लाउंजच्या पानावर खाली अटी दिलेल्या असतात. त्यात जास्तीत जास्त किती तास बसता येईल ते लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी तीन तास, काही ठिकाणी जास्त. जागा नसेल तर प्रवेश नाकारू शकतो, हेही तिथेच असतं. तेव्हा साडेतीन हजारांत साडेदहा तास मिळतील असं धरू नका.

आता तुमचा वेळ मोजू. साडेनऊला विमान टेकलं तरी व्हीलचेअरवाले सगळ्यांत शेवटी उतरतात. मग ट्रान्सफरची सुरक्षा तपासणी. म्हणजे साडेदहा वाजले असं धरा. सकाळी अमेरिकेच्या विमानाला गेटवर पुन्हा वेगळी तपासणी असते, त्यामुळे सहा-सव्वासहाला गेटकडे निघायला हवं. हातात उरले पावणेआठ तास, तेही ऐन झोपेचे. लाउंजमध्ये त्यातले तीन तास बसू देतील. उरलेले पावणेपाच तास कुठे काढायचे हा प्रश्न पास घेतल्यावरही तसाच राहतो.

केतकी_ठाणे

मला मात्र लाउंज घेतल्याचं समाधान आहे. आम्ही दोह्यात दुपारी सात तास होतो, सोबत दीड वर्षांचा मुलगा. स्वच्छ बाथरूम, त्याला रांगायला मोकळी जागा, वरण-भातासारखं काहीतरी खायला, आणि मुख्य म्हणजे गर्दीचा गोंगाट नाही. आम्हाला पाच तास तरी बसू दिलं, कोणी उठवलं नाही. वयस्कर माणसांना बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसवण्यापेक्षा हे कधीही बरं. पैशांकडे बघू नका.

रानवाटा

केतकी, दुपारी सात तास आणि लहान मूल असेल तर मीही लाउंजच सांगेन. दुपारी जागंच राहायचं असतं, आणि लाउंज जागं राहणाऱ्यांसाठी उत्तम असतो. इथे प्रश्न रात्रीचा आहे. लाउंजमधले दिवे रात्रभर चालू असतात, कपबशांचा आवाज चालू असतो, आणि खुर्च्या बसायच्या असतात, पाय लांब करायच्या क्वचितच. आधीच चार तासांचा प्रवास झालेला, पुढे चौदा-पंधरा तास पाय खाली सोडून बसायचं. आईंच्या गुडघ्यांना मधल्या रात्री आडवं होणं गरजेचं आहे. ते लाउंजमध्ये मिळत नाही.

दुसरं जेवणाचं. लाउंजच्या पैशांत मोठा वाटा खाण्याचा असतो. मुंबईहून निघालेल्या विमानात जेवण मिळतं, ते साडेनऊच्या आधी झालेलं असेल. शिकागोच्या विमानात आठनंतर पुन्हा जेवण येतं. मधल्या रात्री हे दोघं खाणार किती? बाबांच्या गोळीबरोबर काहीतरी लागेल आणि पहाटे चहा. बाहेरच्या उपाहारगृहात दोघांचा चहा आणि सँडविच ८० रियाल धरा. रियाल डॉलरला ३.६४ असा बांधलेला आहे, म्हणजे २२ डॉलर, साधारण दोन हजार रुपये. घरून दशम्या आणि कोरडी चटणी नेली तर तेवढेही लागणार नाहीत.

अभय_मिरज

अगदी फुकटात होतं. दोह्याच्या विमानतळावर क्वाएट रूम म्हणून खोल्या आहेत. दिवे मंद, पाय वर करता येतील अशा पाठ टेकायच्या आरामखुर्च्या, शुल्क काही नाही. मी स्वतः तिथे रात्र काढली आहे. पिवळ्या भल्यामोठ्या अस्वलाच्या पुतळ्यापासून फलक बघत गेलात की सापडतात. उगाच सात हजार घालवू नका, बाबांचं बरोबर आहे.

मृण्मयी_औंध

अभय, हे माहीत नव्हतं, धन्यवाद! पण खोल्या भरलेल्या असतात का? आणि दोघांना शेजारी बसता येतं ना?

अभय_मिरज

मी गेलो तेव्हा अकराच्या सुमारास जागा मिळाली होती. शेजारी बसण्याचं लक्षात नाही, मी एकटाच होतो.

लीला_जोशी_नाशिक

शेजारी नाही बसता येत हो. पुरुषांच्या आणि बायकांच्या खोल्या वेगळ्या असतात. आमची नेमकी तिथेच पंचाईत झाली. ह्यांच्याकडे दोघांचे पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि चालू फोन. माझ्याकडे शाल आणि औषधांची पिशवी. ह्यांची रात्रीची गोळी राहिली ती राहिलीच, कारण मला आत जाता येईना आणि हे झोपून गेलेले. कुटुंबासाठी वेगळी खोली असते म्हणतात, पण आम्ही गेलो तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यरात्रीनंतर सगळीकडून विमानं येऊन पडतात, मग एकही खुर्ची रिकामी मिळत नाही. आणि थंडी फार. स्वेटर आणि पायमोजे हातातल्या बॅगेतच ठेवा, मोठ्या सामानात नाही.

जायचंच असेल तर फोन, कागद आणि औषधं दोघांकडे वेगवेगळी वाटून द्या.

रानवाटा

लीलाताई, अगदी मोलाचं सांगितलंत. मधुमेही माणसाची गोळी दुसऱ्या खोलीत अडकणं ही साधी गोष्ट नाही.

म्हणून माझं मत: याच पैशांत थोडी भर घालून तासांवर मिळणारी झोपायची जागा घ्या. दोह्यात ट्रान्झिटच्या आत दोन सोयी आहेत, दोन्हींसाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागत नाही, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न येत नाही. एक ओरिक्स एअरपोर्ट हॉटेल, खरी खोली, खरं बाथरूम. दुसरं उत्तरेकडच्या भागातलं ‘स्लीप एन फ्लाय’. तिथे एकेकट्यासाठी बंद होणाऱ्या छोट्या शय्या आहेत आणि दोघा-तिघांसाठी दार असलेली केबिनही आहे. तुमच्या आईबाबांना केबिनच घ्या. शय्या घेतल्या तर पुन्हा दोघं दोन ठिकाणी.

बुकिंग करताना दोन गोष्टी बघा. किमान किती तास घ्यावे लागतात, आणि वेळ कुठल्या घड्याळाची. भारतापेक्षा दोहा अडीच तास मागे आहे. माझ्या ओळखीच्यांनी भारतातून बुक करताना भारतीय वेळ धरली आणि खोली अडीच तास उशिराची लागली. तुमचं बुकिंग दोह्याच्या रात्री अकरा ते पहाटे पाच असं हवं.

खर्च लाउंजच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो, आणि दर दिवसागणिक बदलतात. तेव्हा त्याच तारखेचा दर काढून मग ठरवा.

विदर्भ_एक्सप्रेस

लाउंजवरून आठवलं म्हणून माझी हकीगत लिहितो. नागपूर–मुंबई वेगळं तिकीट आणि मुंबई–युरोप वेगळं. मध्ये नऊ तास. कार्डावर दोन फेऱ्या शिल्लक होत्या, म्हटलं लाउंजमध्ये आराम करू. पण तिकीटं वेगळी म्हणून बॅगा मुंबईत घ्याव्या लागल्या. पुढच्या विमानाचा काउंटर उड्डाणाच्या चार तास आधी उघडला. बोर्डिंग पास नाही तर सुरक्षा तपासणी नाही, आणि लाउंज तर तपासणीच्या पलीकडे! पाच तास दोन मोठ्या बॅगांवर बसून काढले. आत गेल्यावर लाउंजबाहेर रांग होती, जेमतेम तासभर मिळाला. वेगळी तिकीटं काढणाऱ्यांनी लाउंजचे पैसे आधी भरू नयेत.

सोलापूरकर_६२

म्हणजे कार्ड असूनही आत जाता आलं नाही? हे ध्यानात ठेवायला हवं. आमच्या मुलीची पण अशीच दोन तिकीटं आहेत जानेवारीत.

विदर्भ_एक्सप्रेस

काका, काउंटर किती आधी उघडतो ते विमान कंपनीला फोन करून विचारून घ्या. मुंबईत टी-२ला तपासणीच्या अलीकडेही तासांवर खोल्या देणारं हॉटेल आहे. नंतर कळलं मला.

शिल्पा_पर्वरी

कार्डाबद्दल थोडं. मृण्मयी, भाऊ स्वतःच्या प्रायॉरिटी पासवर आईबाबांना पाठवायचा विचार करत असेल तर ते जमणार नाही. ज्याचं नाव त्यानेच हजर असावं लागतं, बोर्डिंग पासशी नाव ताडून बघतात. बाबांच्या क्रेडिट कार्डाबरोबर पास आला असेल तर तो त्यांना चालेल, पण आई पाहुणी म्हणून धरली जाईल आणि तिचे पैसे लागतील.

आमच्याकडे हेच झालं. लाउंजच्या दारात कोणी पैसे मागितले नाहीत, नुसती सही घेतली. आम्ही समजलो फुकट. दीड महिन्याने कार्डाच्या बिलात दोघांचे ३५-३५ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. डॉलर ९० धरला तर माणशी ३,७०० च्या वर, दोघांचे साडेसात हजारांजवळ. बँकेला विचारलं तर म्हणे तुमच्या कार्डाच्या मोफत फेऱ्या याच वर्षापासून खर्चाच्या अटीवर गेल्या आहेत. दारात सही केली म्हणजे मोफत, असं समजू नका. जायच्या आधी बँकेकडून लेखी विचारा: माझ्या कार्डावर परदेशात किती फेऱ्या मोफत, पाहुण्याचे किती?

घारापुरी

एवढे तास आहेत तर बाहेर पडून दोहा बघून या की. विमानतळावरूनच मेट्रो आहे, रेड लाइन.

रानवाटा

दिवसा, तरुण माणसाला, जरूर. पण भारतीय पासपोर्टवर कतारमध्ये शिरायला हॉटेल बुकिंगच्या वगैरे अटी असतात आणि त्या बदलत असतात. रात्री साडेदहाला व्हीलचेअरवरच्या माणसांना इमिग्रेशनच्या रांगेत कशाला उभं करायचं? इथे तो पर्याय नको.

एक मात्र सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. पैसे भरण्याआधी विमान कंपनीला विचारा की या थांब्यासाठी त्यांच्याकडून हॉटेल मिळतं का. एमिरेट्सची दुबई कनेक्ट म्हणून योजना आहे, तिच्यात लांबच्या थांब्याला हॉटेल, जेवण आणि ने-आण कंपनी करते. पण अट अशी की तुमचं जोडविमान उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जवळचं हवं. स्वस्त पडतं म्हणून तुम्हीच लांबचा थांबा निवडला असेल तर मिळत नाही. दोह्याच्या तुमच्या तिकिटालाही हाच प्रश्न विचारून बघा.

मृण्मयी_औंध

विचारलं आज. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारं विमान होतं आणि त्याने थांबा तीन तासांचाच झाला असता. बाबांना रात्री-बेरात्री विमानतळावर जायला नको वाटतं म्हणून आम्हीच संध्याकाळचं घेतलं. त्यामुळे कंपनीकडून हॉटेल नाही. तारीख तीच ठेवून विमान बदलायचं तर बदलाचे पैसे माणशी केबिनच्या खर्चापेक्षा जास्त होतायत.

केबिनचा दर काढला. सहा तासांचे दोघांचे मिळून लाउंजच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त. भाऊ तयार आहे. बाबा अजून कुरकुरतायत पण आईने एका वाक्यात निकाल लावला, “मला पाठ टेकायची आहे.”

आता एकच भीती आहे. व्हीलचेअरवाले त्यांना केबिनपर्यंत नेतील का, आणि सकाळी परत न्यायला कोण येणार? दोघांचं इंग्रजी कामापुरतंच आहे.

केतकी_ठाणे

लाउंज असो की केबिन, आत घोषणा ऐकू येत नाहीत हे खरंय. आम्ही गजर लावला होता. बाबांच्या फोनवर गजर लावताना फोनने दोह्याची वेळ घेतली आहे ना, ते बघायला सांगा. रोमिंग नसेल तर फोन भारतीय वेळच दाखवत राहतो.

लीला_जोशी_नाशिक

व्हीलचेअरचं मी सांगते. उतरल्यावर मदतनीस तुम्हाला एका ठरलेल्या प्रतीक्षा कक्षात नेऊन बसवतो. तिथे सगळे व्हीलचेअरवाले एकत्र. विमानाच्या आधी दुसराच कोणीतरी येऊन नावं पुकारून घेऊन जातो. तुम्ही त्या कक्षात नसाल तर तो शोधत फिरत नाही, इतकी माणसं असतात त्याच्याकडे. आमच्या शेजारचे एक गुजराती आजोबा लाउंजमध्ये गेले होते, त्यांना विमानाला अर्धा तास राहिला तरी कोणी न्यायला आलं नाही. शेवटी लाउंजच्या बाईंनी फोन केला तेव्हा माणूस आला.

रानवाटा

म्हणून सांगायचं ते प्रतीक्षा कक्षात पोहोचण्याआधी, पहिल्या मदतनिसालाच. आणि तोंडी नको, कागदावर. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी छापून आईंच्या पर्समध्ये आणि बाबांच्या खिशात ठेवा: दोघांची नावं, बुकिंग क्रमांक, शिकागोच्या विमानाचा क्रमांक आणि वेळ, केबिनचं ठिकाण व बुकिंग क्रमांक, आणि “कृपया पहाटे ५:३० ला इथून न्यायला या”. केबिनच्या काउंटरवरही तीच चिठ्ठी दाखवायची आणि मदतनिसाला बोलवायला सांगायचं. पावणेसहापर्यंत कोणी आलं नाही तर काउंटरवरून पुन्हा फोन करायला लावायचा. आठचं विमान आहे, तेवढा वेळ पुरतो.

मदतनीस केबिनपर्यंत सोडेल याची हमी मी देऊ शकत नाही. मी पाहिलेल्यांपैकी काहींनी आनंदाने सोडलं, एकाने ‘आधी कक्षात चला’ असंच धरलं होतं.

अभय_मिरज

माझं अजून म्हणणं आहे की ज्यांना चालता येतं त्यांनी क्वाएट रूमच बघावी. पण या दोघांसाठी केबिन ठीक.

शिल्पा_पर्वरी

केबिनचे पैसे इथूनच भरा मृण्मयी, आणि पावती छापून द्या. तिकडे वाढीव तास घ्यायची वेळ आली तर बाबांच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू हवेत. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू होऊन येतात, परदेशातलं आपणच बँकेच्या अॅपमधून सुरू करायचं असतं. बहुतेक ज्येष्ठांचं ते बंदच असतं.

मृण्मयी_औंध

शिल्पा, आत्ता बाबांच्या फोनवर बघितलं. बंदच होतं. सुरू केलं आणि दिवसाची मर्यादा वीस हजार ठेवली. केबिन रात्री अकरा ते पहाटे पाच अशी घेतली आहे. शेवटचा तास-दीड तास त्यांना तिथल्याच बाकांवर बसावं लागेल, ते चालेल म्हणाले. चिठ्ठी आज रात्री तयार करते. विमान कंपनीच्या व्हीलचेअर विभागाला ई-मेलही टाकला आहे, अजून उत्तर नाही.